उपयोग काय, सर?

मंठ्यात आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात एक शास्त्रज्ञ आपल्या भावाकडे राहायला येत. सगळे त्यांना सर म्हणत. काहीही विचारलं, की ते आधी सावकाश चष्मा पुसत आणि "म्हंजे कसं?" असं उलट विचारत.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. वडील बी.एड. कर म्हणत होते. मी सरांना विचारलं, "ज्याचा उपयोग दिसत नाही, अशा संशोधनात पडावं का?"

या वेळी चष्मा नाकावरच राहिला.

"काही विषाणू ठरावीक जंतूंमध्ये वाढत का न्हाईत, एवढंच लोक शोधत होते. कळलं, की जंतू विषाणूचा डीएनए ठरल्या जागी कापतो. स्वतःच्या डीएनएवर त्या जागी खूण असते, म्हणून तो वाचतो. मंग त्याच कात्रीनं इन्सुलिनचं जनुक जंतूत बसवता आलं. तुझी आई घेते ते इन्सुलिन असंच बनतं. कात्री शोधायला कुणी गेल्तं का?"

"म्हणजे उपयोग होतोच?"

"बिलकुल न्हाई. बऱ्याच कामाचा होत न्हाई. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, प्रयोग फसतात, नोकरीची हमी न्हाई. एखादा प्रश्न तुला सोडतच नसंल, तर पड. मी ज्याच्यावर काम करतो, तो जंतू खाऱ्या पाण्यातल्या इतक्या मिठात कसा जगतो, ते मी तीस वर्षं शोधून राह्यलो. अजून बराबर कळलं न्हाई!"

हे सांगताना ते खूश होऊन हसले. न मिळालेल्या उत्तरावर इतका खूश असलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

घरी जाऊन वडिलांना म्हटलं, "बी.एड. नको. मला एम.एस्सी. करायचंय."