अक्कांच्या मनगटावरची मेल

आमच्या छापखान्यात मोठं मशीन अक्का चालवतात. मी शेजारच्या बांधणीच्या टेबलावर असते. अक्कांना ऐकू जवळजवळ येत नाही, पण मशीनच्या थरथरीवरून कागद अडकलेला त्यांना आमच्याआधी कळतो. गिऱ्हाइकांच्या दुरुस्त्या मेलवर येतात, म्हणून लेकीनं त्यांना फोनला जोडलेलं स्मार्ट घड्याळ दिलं. फोन फळीवर, घड्याळ हातावर. मेल आली की मनगटाला धक्का.

पुढे एकाच मेलचे दोन दोन धक्के बसायला लागले. अक्का वैतागल्या. रविवारी त्यांच्या दिरांनी फोन हाती घेतला आणि "वहिनी, आता निवांत राहा," म्हणून परत दिला.

निवांतपणा खराच होता. सोमवारी औषधाच्या माहितीपत्रकाची छपाई चालू असताना गिऱ्हाइकाची मेल आली, 'थांबवा, मात्रा चुकली आहे.' घड्याळ गप्प. पाणी प्यायला थांबल्यावर अक्कांनी सहज फोन बघितला, आणि धावत जाऊन मशीन बंद केलं. निम्मा गठ्ठा रद्दीत गेला.

मला वाटलं, आता घड्याळ फेकतील. त्या स्टूल ओढून बसल्या. "कुठे अडलंय ते बघते. तू मला मेल टाक."

मी टाकली. फोन फळीवर वाजला, घड्याळ हललं नाही.

"फोन वाजला?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

"म्हणजे मेल फोनपर्यंत येतेय, पुढे जात नाही."

मग त्यांनी फोनची सेटिंग उघडून बघितली आणि उलगडा झाला. त्यांचा एकच पत्ता फोनमधल्या दोन मेल ॲपमध्ये घातलेला होता. दोन्ही सूचना देत, घड्याळ दोन्ही उचलून दाखवी, म्हणून दोन धक्के. दिरांनी एका ॲपची सूचना फोनच्या सेटिंगमध्येच बंद केली, आणि दुसऱ्याची घड्याळाच्या ॲपमध्ये. पहिलं ॲप सूचनाच देईना, दुसऱ्याची घड्याळापर्यंत जाईना.

अक्कांनी घड्याळाच्या ॲपमधल्या यादीत दुसऱ्या मेल ॲपचं बटण चालू केलं. पहिलं बंदच ठेवलं. "पुन्हा टाक."

मी टाकली. काहीच नाही! माझा चेहरा पडला, त्या मात्र हसल्या. "अगं, फोन माझ्याच हातात उघडा आहे. मी फोन वापरत असले तर घड्याळ उगाच त्रास देत नाही, असंच इथे लिहिलंय." त्यांनी फोन लॉक करून फळीवर ठेवला. तिसरी मेल गेली, आणि मनगट एकदाच थरथरलं.

संध्याकाळी दीर अक्कांना न्यायला आले, ऐकून ओशाळले. अक्का म्हणाल्या, "बंद करायचं ते तुम्ही बरोबर ओळखलंत हो, फक्त एक जास्त बंद केलंत."

परवा पुन्हा 'थांबवा' आलं. मी मान वर करेपर्यंत मशीन थांबलेलं होतं, आणि अक्का चष्मा लावून नवीन मजकूर वाचत होत्या.