आईच्या खोल्या आणि सासूबाईंचा चहा

वडील गेल्यावर आईनं आष्ट्यात भाड्याच्या दोन खोल्यांत खानावळ चालवली आणि आम्हा दोघा भावंडांना मार्गी लावलं. मी लग्न होऊन सांगलीला आले. साठ सालानंतर केव्हातरी भाऊ फलटणकडं एका साखर कारखान्यात कायम झाला, त्याला क्वार्टर मिळालं. "आता चूल फुंकायची न्हाई. खोल्या सोड आनि चल," तो आईला म्हणाला. आई हरखली. पहिल्या तारखेला खोल्या सोडते, असा तिचा निरोप मला आला.

मी दुसऱ्याच दिवशी यष्टी धरली. आई भाकऱ्या थापत होती.

"खोल्या सोडू नकोस. आधी दोन महिने राहून बघ."

"लेकाकडं पावनी म्हनून जाऊ? त्यो काय मला टाकनार हाय व्हय?"

टाकणार नव्हताच. पण तो दिवसभर पाळीवर असायचा, घरात राहणार होत्या सासू आणि सून. त्या सुनेला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"ती लय गुनाची हाय," आई म्हणाली.

मला रागच आला. "मीपण गुणाचीच आहे की!" आणि कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते बोलून गेले. सासूबाई पाटणचं घर विकून आमच्याकडं आल्या त्याला तीन वर्षं झाली होती. मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते. पण दुपारी त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला की माझ्या हातून पातेलं आपटायचं. त्या "ऱ्हाऊ दे" म्हणायच्या. पुढं तर मागेनाशाच झाल्या. "त्यांना परत जायला जागा नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर आपटतं, आई."

तव्यावरची भाकरी करपली.

"घर इकायला कुनी सांगितलं त्यास्नी?"

"आम्हीच."

लाजेनं माझी मान वर होईना.  पुढल्या आठवड्यात आईनं भावाला बोलावून स्पष्ट सांगितलं, की तू चांगला आहेस, तरी खोल्या राहतील, आणि बायकोला विचारून मला ने. जेवणाऱ्यांना दोन महिन्यांची सुट्टी दिली, किल्ली कनवटीला लावली आणि गेली.

भाकरी करपली त्या दिवशी मात्र मला यष्टीत बसवताना ती एवढंच म्हणाली, "माजं झालं. तुज्या सासूला काय पायजे, इचारलंस कवा?"

वाटभर मी आईवर फुगून बसले होते. घरी आल्यावर विचारलं. सासूबाई दचकल्याच.

"कुटं धाडताय व्हय मला?"

मला रडू फुटलं. नाही, कुठंही नाही, हे त्यांना पटवायलाच बराच वेळ गेला. मग त्या हळूच म्हणाल्या, "एक शेगडी दे मला, दारामागं. माजा च्या मी करीन. तुलाबी देत जाईन घोटभर."