सोळाचे आठ होत नाहीत

कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे मावशी म्हणत. पोरंपोरी मागून कार्मीन मावशीही म्हणत, कारण त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख पेशी रंगवायच्या कार्मीनने कायमचं लालसर झालेलं होतं. मावशींना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. रंग काही फुकट लागत नाही अंगाला.

शाळा बारावीलाच सुटली होती. पण स्लाइड करावी तर मावशींनीच. पाण्याने भरलेल्या पेल्यांवर कांदे ठेवायचे. चार दिवसांनी खाली पांढरी मुळं फुटली, की सकाळी त्यांची टोकं कापायची, अल्कोहोल आणि अॅसेटिक अॅसिडमध्ये मुरवायची. मग रंग, मग काच, मग वर टिपकागद आणि त्यावर अंगठा. हा अंगठाच खरी विद्या. जास्त जोर झाला तर पेशींचा चेंदा, कमी झाला तर एकावर एक ढीग. मावशींचा अंगठा बरोबर तेवढाच दाबायचा, जेवढं झोपलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा.

कांद्याची दुसरी स्लाइड कळीची. फूल उमलायच्या आधीची इवलीशी कळी घ्यायची, आतला परागकोश पिवळा पडायच्या आत काढायचा. मुळाच्या टोकात पेशी वाढीसाठी विभागतात, तो मायटोसिस. कळीत परागकण तयार होण्यासाठी विभागतात, तो मिओसिस. मावशींच्या पेटीत दोन्ही चिठ्ठ्या वेगळ्या असत: ‘कांदा-मूळ’ आणि ‘कांदा-कळी’. अक्षर मोठं, ठसठशीत, दुरूनही वाचता येईल असं.

त्या वर्षी विभागप्रमुख सरांनी प्रात्यक्षिक परीक्षेत नवी पद्धत आणली. मायक्रोस्कोपपुढे रांगा नकोत, म्हणून पेशींचे फोटो छापून द्यायचे. फोटोवर ‘कांदा’ एवढंच नाव आणि बाण, खाली प्रश्न : विभाजनाचा प्रकार आणि अवस्था ओळखा. फोटो सरांनीच वर्षभर मावशींच्या स्लाइडवरून मोबाइलने काढलेले होते.

निकालाच्या आधी एक मुलगी रडवेली होऊन मावशींकडे आली. अख्खा वर्ग तिला चष्मेवाली म्हणे.

“मावशी, तिसऱ्या चित्राला मला शून्य. मी मिओसिस, मेटाफेज वन लिहिलं. सरांच्या उत्तरसूचीत मायटोसिस, मेटाफेज आहे. ज्यांनी चित्राकडे बघितलंसुद्धा नाही, कांदा म्हणजे मूळ म्हणून लिहून टाकलं, त्यांना पूर्ण मार्क!”

मावशींनी हात पुसले आणि कागद घेतला. गोल पेशी. मधोमध एक ओळ. ओळीत गुणसूत्रं, पण सुटी नव्हेत, दोन दोन हातात हात घालून कड्यासारखी.

“ही तर माझी कळी,” त्या म्हणाल्या. “मूळ कुठून आलं हिच्यात?”

सरांच्या खोलीत दुपारी त्या दोघी उभ्या राहिल्या. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

“फोटोच्या फाइलवर कांदा लिहिलंय. कांदा म्हणजे मुळाचं टोक. दरवर्षीचं आहे.”

“फाइलवर तुम्ही लिहिलंत, सर. काचेवर मी लिहिते. काचेवर कळी आहे.”

“मग तुम्हीच चिठ्ठ्यांची अदलाबदल केली असेल.” सरांनी खणातून टाइप केलेला कागद काढला. तो आधीच तयार होता, याचंच मावशींना नवल वाटलं. “इथं सही करा. स्लाइडवर चुकीची चिठ्ठी लागली, एवढंच. प्रकरण मिटेल. पुढच्या वर्षीपासून तयार स्लाइड विकत घेऊ, तुम्हालाही त्रास नको. निवृत्तीला दोनच वर्षं राहिली ना?”

मावशींनी तो कागद हातात घेऊन सावकाश वाचला. मग घडी घालून पदराच्या गाठीला बांधला.

“उद्या देते.”

घरी नवऱ्याने, तो शिंपीकाम करी, कागद वाचून मान हलवली. “सही करून टाक. दोन वर्षं गप बसून काढायची, एवढंच.”

“तुमच्या हातच्या सदऱ्याला कुणी म्हटलं, बाही उलटी लावलीय, तर?”

“उलटी नसेल तर कशाला ऐकू?”

“मग मला कशाला सांगता?”

तो हसला आणि पुन्हा शिलाईयंत्राला लागला.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत चष्मेवाली होती, आणि नुकत्याच रुजू झालेल्या मॅडमही. सरांनीच त्यांना बोलावलं होतं, साक्षीला.

“आणा कागद.”

“आधी फोटो बघू,” मावशी म्हणाल्या, आणि चष्मेवालीच्या हातातली पेन्सिल घेतली.

“पेशी गोल दिसते म्हणून कळी म्हणता ना तुम्ही?” सर हसले. “मुळाची पेशी चौकोनी, ओळीत बसलेली, हे मलाही ठाऊक आहे. पण तुम्ही अंगठा दाबता. जोर जास्त झाला, पेशी सुटी होऊन गोल झाली.”

सत्तावीस वर्षांच्या अंगठ्याला कुणी असं बोललं नव्हतं. मावशींची कानशिलं तापली, पण आवाज चढला नाही.

“झाली असेल, सर. अंगठ्याने पेशी चपटी होते, गोल होते, फुटतेही. पण सोळाचे आठ होत नाहीत. मोजा.”

“काय?”

“कांद्याची गुणसूत्रं सोळा. मुळाच्या पेशीत मेटाफेजला सोळाच्या सोळा एकेकटी मधल्या ओळीत उभी राहतात. इथं ओळीत किती आहेत ते मोजा.”

त्यांनी पेन्सिलीने एकेका कड्याशेजारी टिंब दिलं. एक, दोन, तीन. मॅडम नकळत ओठांनी मोजत होत्या. आठव्या टिंबाला पेन्सिल थांबली.

“आठ,” मॅडम म्हणाल्या.

“आठ तर मिओसिसच्या दुसऱ्या फेरीतही असतात!” सर चटकन बोलले, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की आपण मायटोसिस सोडून मिओसिसच्या घरात शिरलो. चष्मेवालीने तोंडावर हात धरला.

“असतात की,” मावशी म्हणाल्या. “पण तेव्हा शेजारी जोडीची पेशी असते, आणि आठही सुटी असतात. इथं पेशी एकटी. आणि तुमचा बाण ज्याच्यावर आहे, ते कडं बघा. दोन गुणसूत्रं एकमेकांना धरून. अजून जोडीदार सुटलेले नाहीत, ओळीत जोड्या उभ्या आहेत. मेटाफेज वन. पोरीने तेच लिहिलंय.”

सरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. फोटो खिडकीपाशी नेला. पाठमोरे उभे राहून त्यांनी स्वतः मोजलं, एकदा नाही, दोनदा. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

“उत्तरसूची दुरुस्त करा,” ते मॅडमना म्हणाले. “सगळ्यांचे मार्क पुन्हा बघा.” मावशींकडे त्यांनी पाहिलं नाही. “तो कागद इकडे द्या, फाडून टाकतो.”

“तुम्ही कशाला कष्ट घेता?”

मावशींनी पदराची गाठ सोडली. कागद टेबलावर पसरला, आणि जिथं सही हवी होती तिथं त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं : ‘चित्र तीन. कांदा-कळी. मिओसिस, मेटाफेज वन. जोड्या आठ. मोजून पाहाव्यात.’ त्याखाली पूर्ण सही केली, तारखेसह.

“हा आता फायलीत लावा, सर. सही मागितली होतीत ना?”

मावशी प्रयोगशाळेत परतल्या. पेल्यांमधलं पाणी बदलायचं राहिलं होतं. त्यांनी एक कांदा उचलून खालची मुळं निरखली, अजून एक दिवस लागेल असं ठरवलं, आणि पुढच्या वर्षीच्या चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. अक्षर जरा मोठंच काढलं.