हळदीच्या चालीचा शेवट

कामोठ्याला मी घरीच कीबोर्ड शिकवते. शिकायला येतात ती शाळेतली मुलं. त्यामुळे जासईहून पन्नाशीच्या एक ताई आल्या, तेव्हा त्या नातवंडाचं विचारायला आल्या असतील असं वाटलं. पण शिकायचं त्यांना स्वतःलाच होतं.

नवरा गेल्यापासून त्या आणि मुलगी, घरात दोघीच. आता मुलगी लग्न करून परदेशी निघाली होती. ती लहान असताना ताई तिला एक चाल गुणगुणून झोपवायच्या. तीच त्यांना हळदीला वाजवायची होती.

दोन महिन्यांत चाल बोटांवर बसली, पण तिला शेवटच नव्हता. रे वर यायची आणि पुन्हा सुरू व्हायची.

"शेवट कधी लागलाच नाय, मॅडम. त्याच्या आधीच झोपायची ती."

मी शेवट बांधून दिला. पांढरी एक ही पट्टी सा धरून, वर रे वाजताना त्याच्या खाली जी सेव्हन हा कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले चार सूर, मग वर सा आणि त्याच्या खाली सी मेजर. ताईंनी वाजवला आणि हात मांडीवर ठेवले.

"हे दार लावल्यासारखं वाटतं."

असं का वाटतं ते मी दाखवलं. जी सेव्हनमध्ये नी असतो आणि म असतो. नी ला वरच्या सा कडे जायचं असतं, म ला खाली ग वर उतरायचं असतं. सी मेजर आला की दोघं आपापल्या जागी पोचतात आणि खालचा सूरही सा वर टेकतो. म्हणून संपल्यासारखं वाटतं.

मग सी ऐवजी ए मायनर लावून दाखवला. वर सा आलाच, पण खाली ध लागला.

ताईंनी मान हलवली. "हे तर रडवंल तिला."

शेवटी मी वरच्या रे खाली नुसता जी कॉर्ड वाजवून थांबले. नी तसाच लोंबकळत राहिला.

"हां. इथंच थांबायचं."

"अहो, लोकांना वाटेल तुम्ही विसरलात."

"वाटू दे की."

हळदीला मलाही बोलावलं होतं. त्या दिवशी डीजे थोडा वेळ बंद केला. ताई वाजवत जी वर आल्या आणि थांबल्या. टाळ्यांसाठी वर आलेले हात तसेच राहिले. मागून त्यांच्या जावेने विचारलं, "विसरली काय गं?"

"नाय. तेवढंच हाय."

मुलगी पिवळ्याधमक अंगानं उठली, आईशेजारी स्टुलाच्या कडेवर टेकली आणि चाल पहिल्यापासून गुणगुणू लागली. ताईंनी साथ धरली. दुसऱ्यांदाही दोघी रे वरच थांबल्या आणि एकमेकींकडे बघून हसल्या. मला मात्र राहवलं नाही, मी खुर्चीत बसून हळूच ओठांतल्या ओठांत सा लावून घेतला.