थांबलेला पत्ता

तिला सगळे भिंगताई म्हणत. चष्म्याचं दुकान होतं, लग्न केलं नव्हतं, आणि कुणाशीही बोलताना समोरच्याचे डोळे निरखायची सवय. ‘हिच्यापासून आमचं काही लपत नाही बाई,’ असं शेजारचा शिंपी चारचौघांत सांगायचा.

तिला एकच भाऊ. दादा समुद्राखालच्या केबली दुरुस्त करणाऱ्या जहाजावर कामाला होता. महिनोन् महिने पाण्यावर. फोन लागला तर लागला. जहाजावरून तो अधूनमधून छोटे व्हिडिओ टाकायचा, समुद्र दाखवायचा आणि शेवटी हमखास ओरडायचा, “काय गं बिट्टे, जेवलीस का?” बिट्टी हे तिचं घरातलं नाव. व्हिडिओ कुणीही बघावेत असे उघडे असत.

भिंगताईनं बऱ्याच वर्षांत थोडे थोडे बिटकॉइन घेऊन, त्यांची खरेदी-विक्री होते अशा एका एक्स्चेंजवर ठेवले होते. खातं उघडून दिलं दादानंच. व्हाइटलिस्टही त्यानंच चालू करायला लावली. म्हणजे यादीत आधी नोंदवलेल्या वॉलेटच्या पत्त्यावरच कॉइन बाहेर जाणार, दुसरीकडे नाही. “तुला कुणीही गोड बोलून गंडवेल,” असं वर म्हणालाही होता, आणि ती दोन दिवस फुगून बसली होती.

एका दुपारी गिऱ्हाईक नसताना फोन वाजला. नंबर अनोळखी.

“बिट्टे, मी बोलतोय.”

आवाज दादाचा. तोच जाडसर, शेवटी किंचित वर जाणारा. पाय मोडला, बंदरावरच्या हॉस्पिटलात उतरवलंय, फोन पाण्यात गेला, हॉस्पिटलवाले आधी पैसे मागतायत. इथल्या एका माणसाच्या वॉलेटवर कॉइन पाठव, तो रोख देईल.

भिंगताईनं लगेच एक्स्चेंजचं ॲप उघडलं. मेसेजमध्ये आलेला लांबलचक पत्ता तिनं त्यात चिकटवला. कोड टाकला, ईमेलमधल्या दुव्यावर जाऊन होकार दिला. पत्ता यादीत आला. पण पाठवायचं बटण फिकटच राहिलं. खाली ओळ होती: नवीन पत्ता चोवीस तासांनंतर वापरता येईल.

“उद्या दुपारपर्यंत थांबावं लागेल रे.”

“मग ती व्हाइटलिस्टच बंद कर ना.”

ती तेही करायला गेली. बंद केली तरी तेवढेच तास काहीच बाहेर जाणार नाही, असा इशारा आला. तिनं कपाळावर हात मारला आणि एक्स्चेंजच्या मदत चॅटवर तावातावानं लिहिलं. पलीकडच्या मुलीनं उत्तर दिलं, “हा वेळ आम्हालाही कमी करता येत नाही. पण पत्ता तुम्हाला कुणी दिला? त्यांच्या जुन्या नंबरवर बोलून खात्री केलीत का?”

“माझा सख्खा भाऊ आहे तो!” असं लिहून तिनं चॅट बंद केलं. जुना नंबर तिनं लावला होता. लागत नव्हता, तो एरवीही लागत नसे.

त्यानंतर दादा पुन्हा पुन्हा फोन करू लागला. घाई करायला नव्हे, नुसता बोलायला. “एकटं वाटतंय गं. लहानपणीचं काहीतरी सांग.” दादानं असं आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. भिंगताईला भरून आलं. काच घासायचं मशीन बंद करून ती बोलत बसली. आई स्वयंपाक करताना गुणगुणायची ते. दोघं लपून बसायची ती लोखंडी ट्रंक, हिरवी. ती बोलायची आणि तो ऐकायचा. ती मध्येच थांबली की पलीकडे काहीच उरायचं नाही. हॉस्पिटलातली पावलं नाहीत, भांड्यांचा आवाज नाही, श्वाससुद्धा नाही. विहिरीत दगड टाकावा आणि पाणीच लागू नये, तसं. मग एकदम, “बिट्टे, ऐकतोय मी.”

भिंतीवरचे चष्मे त्या दिवशी तिला बघवेनात. रिकाम्या फ्रेमांमागून कुणीतरी पाहतंय असं वाटून तिनं आरशांवर फडकी टाकली.

सकाळी दुकान उघडताना पुन्हा फोन आला.

“बिट्टे, रात्रभर झोप नाही. आईचं ते गुणगुणणं आठवत होतं. आणि आपली ती हिरवी ट्रंक.”

ती कुलपात किल्ली घालून तशीच उभी राहिली. ट्रंक हिरवी नव्हती. निळी होती. हिरवी होती ती मावशीकडची. काल बोलण्याच्या ओघात तिची गल्लत झाली होती. हे तिला आत्ता, त्याच्या तोंडून ऐकताना कळलं. तिची चूक त्याच्या आठवणीत जाऊन बसली होती.

“हो रे,” ती कशीबशी म्हणाली. “गिऱ्हाईक आलंय. ठेवते.”

आत जाऊन ती स्टुलावर बसली. मग तिनं दुकानातल्या लँडलाइनवरून दादाच्या कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, “जहाजावरून कुणालाही उतरवलेलं नाही बाई. थांबा, निरोप देतो.”

तासाभरानं लँडलाइनवर जहाजावरून फोन आला. आधी कप्तान बोलला, मग खरखरीमधून, मागे इंजिनाची धडधड घेऊन, एक आवाज आला.

“काय गं बिट्टे? काय झालं? ऑफिसनं घाबरवलं मला.”

त्याच क्षणी तिच्या हातातला मोबाइल वाजू लागला. तोच अनोळखी नंबर. दोन दादा, एक कानाशी, एक मुठीत. मोबाइल तिनं उचलला नाही.

“दादा, आपली ट्रंक कुठल्या रंगाची होती?”

“कसली ट्रंक? मला काही आठवत नाही बाई,” तो म्हणाला, आणि लहानपणी चेंडू लागून वाकड्या झालेल्या त्याच्या नाकातून नेहमीसारखा शीळ घालत श्वास आला.

तेवढ्यानं ती रडायला लागली. मग सगळं सांगितलं. दादानं ते ऐकून घेतलं. मागे इंजिनाची धडधड चालूच होती. “तो पत्ता काढ आधी,” तो म्हणाला. “माझ्यासमोर काढ.”

चोवीस तास भरायला थोडा वेळ बाकी होता. तिनं यादीतून पत्ता खोडला, पासवर्ड बदलला, आणि मदत चॅटवरच्या त्या मुलीला सगळं कळवलं. कॉइन जिथल्या तिथे होते. मुलीनं तो पत्ता पुढच्या तपासासाठी नोंदवून घेतला आणि पोलिसांत जायला सांगितलं. पोलिसांनी तक्रार घेतली. जहाजावरचे व्हिडिओ उघडे होते, आवाज तिथूनच उचलून संगणकावर हुबेहूब बनवला असणार, असं त्यांचं म्हणणं. ज्यानं उचलला तो सापडला नाही, आणि कॉइनचं त्याला कुठून कळलं तेही नाही.

त्याच दुपारी, चोवीस तासांची वेळ टळून गेल्यावर, मोबाइल आणखी एकदा वाजला. या वेळी तिनं उचलला.

“बिट्टे, झालं का?”

“कोण आहेस तू?”

पलीकडे तीच बिनश्वासाची पोकळी. मग तितक्याच मायेनं, त्याच सुरात, “मी तुझा दादा गं.”

तिनं फोन ठेवला आणि तो नंबर ब्लॉक केला. पण त्या मायेत खोट कुठे होती, ते तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

काही महिन्यांनी दादा सुट्टीवर आला. घर भरलं, हसणं-खिदळणं झालं, शिंप्यानं त्याला दोन शर्ट बळंच शिवून दिले. भिंगताईनं त्याच्या पसंतीचं सगळं रांधलं. मात्र तो दुसऱ्या खोलीतून हाक मारायचा, “बिट्टे, पाणी आण गं,” तेव्हा ती लगेच ओ देत नसे. हातातलं काम थांबवून दाराकडे बघत राही. तो दारात येऊन उभा राहिला, चेहरा दिसला, की मगच म्हणायची, “आले रे.”