दोन्ही बाजू सारख्या

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी उसाच्या रसातली साखर मोजायचे. निवळलेला रस नळीत भरायचा, नळी जुन्या पोलारीमीटरमध्ये ठेवायची आणि डोळा लावून चकती फिरवायची. गोल उजेडाचे दोन्ही अर्धे सारखेच अंधुक दिसले की आकडा वाचायचा.

त्या दिवशी एकाच नळीचे माझे तीन आकडे तीन तऱ्हेचे आले. मी जाम वैतागले. शिरूर कासारहून ऊसतोडीला आलेली माझी आई डबा द्यायला दारात उभी होती.

"मला बघू दे," म्हणाली. दोन्ही अर्धे सारखे दिसले पाहिजेत, एवढंच मी तिला सांगितलं. तिनं सावकाश चकती फिरवली. "आता दोन्हीकडं सारखं हाय."

मी चकती हलवून तिला पुन्हा दोनदा लावायला सांगितली. दोन्ही वेळा आकडा तोच.

आईला आकडे वाचता येत नाहीत. वहीत मी तिचाच लिहिला.