कडेची जागा

मार्थाआत्या काल गेली. मला बाकावरून उठवणारी ही एकच बाई.

नात्याने ती माझी कोणी नव्हती. रोह्याच्या आमच्या छोट्याशा चर्चमध्ये ती सगळ्यांची आत्या. नगरकडची, रिटायर्ड नर्स. आवाज वॉर्डातला तो तसाच राहिलेला.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी पेणच्या खाडीकडची, मिठागरवाल्यांची मुलगी. सुनील धाटावला कंपनीत, ख्रिस्ती. लग्न रजिस्टर. दोन्ही घरं रुसलेली, त्यामुळे सुनीलची माणसं काय ती चर्चमध्येच.

पहिल्या रविवारी मी गेले. सुनील पुढे पेटी वाजवायला. मी रिकाम्या बाकावर कडेला टेकले.

आत्या येऊन उभी राहिली. "ही माझी जागा. गुडघा सरळ ठेवावा लागतो."

उठले.

मग सगळे उभे राहिले तेव्हा मी बसलेली, आणि मी उभी राहिले तर सगळे बसले. गीताचा नंबर सांगितला, मी त्या नंबरचं पान शोधत बसले.

दानाची पिशवी फिरत आली. मला वाटलं, आरतीचं तबक. दोन्ही हात वरून फिरवले आणि डोळ्यांना लावले.

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

शेवटी सेक्रेटरी म्हणाले, नवीन पाहुण्यांनी उभं राहून नाव-गाव सांगावं. मग सगळे टाळ्या वाजवणार, अशी पद्धत. प्रेमानेच करायचे हो. पण माझं नाव निघालं, गाव काय निघेना. चपला शोधल्या आणि बाहेर.

घरी सांगितलं, मी परत नाय येणार.

सुनील रविवारची शिफ्ट मागून घ्यायला लागला. पेटी बंद. तेव्हा मला खरं लागलं. माझ्यापायी त्याची होती नव्हती तेवढी माणसं सुटत होती.

एक दिवस चर्चचे पाळकसाहेब घरी आले. सकाळची उपासना रोह्याला, संध्याकाळी पेणला कोणाच्या तरी घरी, मधे एसटी, असा त्यांचा रविवार. समजूत घालायला आले असतील म्हणून मी तोंड फुगवूनच चहा टाकला. त्यांनी एवढंच विचारलं, काय काय झालं ते सांग. सांगितलं, पिशवीचंसुद्धा. हसले नाय.

म्हणाले, रविवारी बाहेर कट्ट्यावर बस. आत बोलवायला कोणी येणार नाही, हा माझा शब्द.

बसले. खिडकीतून उपदेश ऐकू येत होता. माझं नाव कुठेच नाय.

"आपल्या घरी पाहुणा आला की आपण आधी पाणी देतो, मग गाव विचारतो. इथे आपण आधी गाव विचारतो. पाणी विसरूनच जातो."

मग सरळ कामाचं बोलले. नवीन माणसाला सगळ्यांसमोर उभं करायचं नाही. आपलं पुस्तक, गीत उघडून, त्याच्या हातात द्यायचं. हळूच सांगायचं की आता उभं राहतो, तुम्ही बसलात तरी चालेल. पिशवी येण्याआधी सांगायचं की पाहुण्याने काही टाकायचं नसतं, नुसती पुढे द्या. सुटल्यावर आपापल्या गप्पा नंतर, आधी त्याच्याशी दोन शब्द. कोणाचे, कोणत्या जातीचे, बाप्तिस्मा कधी, हे विचारायचं नाही. पुढच्या खेपेला नाव मात्र लक्षात हवं.

आणि कडेला बसू नका. आत सरका. नव्या माणसाला तुमचे गुडघे ओलांडून जावं लागतं.

आतून कोणीतरी जोरात खाकरलं. वॉर्डातलाच आवाज.

प्रार्थना सुटली. लोकांनी पाळकसाहेबांचा शब्द इतका पाळला की माझ्याकडे न बघता सगळे माडांकडे बघत निघून गेले. मला हसूच आलं.

मग आत्या आली. हातात पाण्याचा तांब्या. कण्हत कण्हत कट्ट्यावर बसली. नाव विचारलं नाय, गाव विचारलं नाय. मी पाणी प्यायले.

"पुढल्या रविवारी मी आत सरकते," म्हणाली. "तू कडेला बस. नाही जमलं तर उठून जा. वाट मोकळी असेल."

माफी वगैरे काही नाय. तिला ते जमायचंही नाय.

मी गेले. कडेला बसले. दोनदा मधूनच उठून गेलेही. तिसऱ्या रविवारी नाय उठले. पेटी पुन्हा सुरू झाली.

आत्याचा गुडघा बाकाच्या आत कधी नीट मावला नाय. प्रार्थनेत "आई गं" म्हणायची. पण कडेची जागा तिने परत मागितली नाय, आणि माझ्यानंतर आलेल्या प्रत्येक नवख्याला तिथेच बसवलं.

मी ख्रिस्ती झाले का, हे लोक आजही विचारतात. आत्याने कधीच विचारलं नाय.

आज चर्च भरलं होतं. आत्याने ज्यांची बाळंतपणं केली त्या बाया खांब, निडी अशा गावांवरून आलेल्या. चर्चमध्ये पहिल्यांदाच. चपला हातात घेऊन दारातच उभ्या, आत यावं की नाय कळेना.

मी कडेला होते. आत सरकले.

"या गो, बसा हितं. काय करायचं ते मी सांगते."

पुस्तक उघडून दिलं. एकीने कानात विचारलं, "फुलं कुठं वाहायची?" दाखवलं. कोणी हसलं नाय.

माझाही गुडघा आता दुखतो, आत्या. आत मावत नाय.

खूप आठवण येईल तुझी. ये आता. वाट मोकळी आहे.